तळातून वर येणारं पाणी : रेतीतल्या खोदकामाचे अनुभवाचे बोल

मुंबईच्या उपनगरांत खोदकाम म्हटलं की बहुतेकांना कातळ आठवतो. अंधेरीत गिल्बर्ट हिलचा उभा बेसॉल्ट डोळ्यांसमोर असतो. घाटकोपर-मुलुंडला डोंगराच्या बाजूने मुरूम आणि खडक लागतो, खाडीच्या बाजूने काळा चिखल. पण वर्सोवा, जुहू किंवा बोरिवलीपलीकडचं गोराई अशा किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी वरच्या थरात रेतीच असते, आणि दीड-दोन मीटर खणलं की पाणी लागतं. तिथे तळघर, मलवाहिनीचा खंदक किंवा पंपाची विहीर खणताना भिंतीकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तळाकडे फार कमी जणांचं असतं. अशा कामांवर माती-पाण्याचा हिशेब करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातलं जे उपयोगी पडलं ते लिहितो.

१. उकळणारी रेती ही वेगळ्या जातीची रेती नसते.

जुन्या मुकादमांच्या बोलण्यात येतं की अमुक प्लॉटमध्ये ‘खराब रेती’ आहे. खरं तर खराबी पाण्याच्या दिशेत असते. रेतीचे कण एकमेकांवर वजन टाकून बसलेले असतात, त्या दाबातूनच घर्षण येतं आणि घर्षणामुळे ती आपला भार पेलते. पाणी खालून वर वाहू लागलं की ते प्रत्येक कणाला वर ढकलतं. हा धक्का रेतीच्या पाण्यातल्या वजनाइतका झाला की कणांमधला दाब शून्यावर येतो. मग रेती दिसायला रेतीच असते, वागते मात्र द्रवासारखी. हीच क्विक कंडिशन.

हे नेमकं केव्हा होतं, याचं सूत्र छोटं आहे:

i_c = (G − 1) / (1 + e)

G म्हणजे कणांची सापेक्ष घनता, साधारण २.६५. e म्हणजे पोकळ्यांचं घन कणांशी प्रमाण. e ०.६ असेल तर उत्तर येतं १.०३, रेती फार सैल असून e १ असेल तर ०.८३. म्हणजे एक मीटर जाडीच्या रेतीतून वर येताना पाण्याची पातळी साधारण एक मीटरने घटत असेल, तर रेती उचलली जाणार. या सूत्रात कणांचा आकार कुठेच नाही. बारीक रेती असो की जाड, हा क्रिटिकल ग्रेडियंट एकच्या आसपासच राहतो.

२. सरासरीवर विसंबू नका. पाणी दाब कुठे खर्च करतं ते बघा.

वर्सोव्याच्या बाजूला मलवाहिनीसाठी लागतो तसा एक खंदक घेऊ. रुंदी तीन मीटर, खोली सहा. दोन्ही बाजूंना शीट पाइल जमिनीपासून नऊ मीटरपर्यंत ठोकलेले, म्हणजे तळाखाली ते तीन मीटर गेलेले. बाहेर पाणी दीड मीटरवर, आत पंपाने ते तळाच्या पातळीला आणलेलं. फरक साडेचार मीटरचा.

बाहेरचं पाणी भिंतीलगत साडेसात मीटर खाली उतरतं, टोकाला वळसा घालतं आणि आत तीन मीटर वर चढतं. एकूण वाट साडेदहा मीटर. ४.५ भागिले १०.५ केलं की ०.४३ येतं. एकाशी ताडलं तर सुरक्षिततेचा गुणांक दोनहून जास्त, आणि इतकंच करून हिशेबाची वही मिटलेली मी अनेकदा पाहिली आहे.

हा सरळ भागाकार रुंद खड्ड्यात, खोलवर सारखीच रेती असेल तेव्हा बऱ्यापैकी चालतो. अरुंद खंदकात परिस्थिती बदलते. बाहेर पाण्याला चहूकडून यायला मोकळी जागा असते, म्हणून तिथे दाब कमी खर्च होतो. आत दोन भिंतींच्या चिमटीतून तेच पाणी वर चढायचं असतं. फ्लोनेट काढून पाहिलं की टोकापाशी एकूण फरकाचा निम्मा, कधी त्याहून जास्त दाब शिल्लक दिसतो. निम्मा धरला तरी २.२५ मीटर दाब तीन मीटर रेतीत संपायचा आहे. ग्रेडियंट ०.७५, आणि गुणांक दोनवरून १.३ वर घसरतो.

आता याच खंदकावर पावसाळा येऊ द्या. बाहेरचं पाणी जमिनीच्या पातळीला आलं की फरक सहा मीटर होतो, त्याचा निम्मा तीन, भागिले तीन. ग्रेडियंट बरोबर एक. एप्रिलमध्ये शांत असलेला तळ जुलैत उकळतो तो असा. ज्या शहरात २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तिथे बाहेरचं पाणी जमिनीच्या पातळीलाच आहे असं धरून हिशेब करावा, असं माझं ठाम मत आहे. किनाऱ्याच्या अगदी जवळ भरतीचाही विचार हवा. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती-ओहोटीतलं अंतर चार मीटरच्या वर जातं. रेतीत शिरताना त्याचा जोर लवकर ओसरतो, तरी मापं भरतीच्या वेळची घ्यावीत.

टरझागीने १९२० च्या दशकात हा तळ उचलला जाण्याचा हिशेब मांडला, तेव्हा भिंतीलगतचा एक ठोकळा डोळ्यांसमोर ठेवला : उंची तळाखाली गेलेल्या भिंतीएवढी, रुंदी तिच्या निम्मी. त्या ठोकळ्याचं पाण्यातलं वजन आणि खालून येणारा जादा दाब यांची तुलना करायची. साइटवर मला हीच रीत सोयीची वाटते, कारण तिची उत्तरं टनांत सांगता येतात. आपल्या खंदकात दर चौरस मीटरला तीन मीटर रेतीचं पाण्यातलं वजन सुमारे तीन टन, वर ढकलणारा जादा दाब सव्वादोन टन. हे सुपरवायझरला लगेच कळतं.

३. पाणी कमी येतंय म्हणून निर्धास्त राहू नये.

ही समजूत सगळ्यात घातक. ग्रेडियंट तोच ०.७५ असताना बारीक रेतीतून, म्हणजे जिची पारगम्यता सेकंदाला ०.०५ मिलिमीटर आहे तिच्यातून, तळाच्या एका चौरस मीटरमागे मिनिटाला सव्वादोन लिटर पाणी येईल. जाड रेतीत पारगम्यता एक मिलिमीटर धरली तर तेच ४५ लिटर. जाड रेतीत पंप कमी पडतो, आरडाओरडा होतो, लोक जागे होतात. बारीक रेतीत एक लहान पंप आरामात पाणी ओढतो आणि तळ कोरडा दिसतो. दोन्हीकडे धोका मात्र तेवढाच. पंपाच्या नळातून किती पाणी पडतं यावरून तळ किती वजन पेलेल हे कळत नाही. त्यासाठी दाब मोजावा लागतो. तळाखाली शीट पाइलच्या टोकाच्या पातळीपर्यंत एक पिझोमीटर घाला. त्यातलं पाणी तळाच्या किती वर चढतं, हा खरा आकडा.

४. तळ आधी इशारा देतो, पण तो जवळ जाऊन वाचावा लागतो.

पहिली खूण कोपऱ्यात आणि भिंतीलगत दिसते. रुपयाएवढ्या जागेत आधणासारखी बारीक उकळी फुटते, भोवती रेतीचा छोटा शंकू जमतो. त्यातून येणारं पाणी नितळ असेल आणि शंकू वाढत नसेल, तर लक्ष ठेवून काम चालू शकतं. शंकू तासातासाला वाढत असेल तर खालून कण वाहून येताहेत, थर पोखरला जातोय. पंपाच्या तोंडाशी काचेची बरणी भरून घ्यावी, दहा मिनिटं स्थिर ठेवावी आणि बुडाशी किती रेती बसली ते रोज त्याच वेळी पाहावं. दुसरी चाचणी बारा मिलिमीटरच्या सळईची. काल जी सळई हाताने वीतभरही जात नव्हती, ती आज नुसत्या दाबाने हातभर आत गेली, तर त्या क्षणी माणसं वर घ्यावीत. ‘साहेब, पाय धरत नाही,’ असं खालचा मजूर म्हणाला तर सळईचीही वाट पाहू नये.

वरती बाहेरही बघा. खड्ड्यात येणारी रेती कुठून तरी निघालेली असते. शेजारच्या सोसायटीच्या कुंपणाला पडलेली नवी चीर, पेव्हर ब्लॉकमध्ये पडलेला खळगा, हे त्याच उकळीचं दुसरं टोक असू शकतं.

५. उकळी फुटली की पंप वाढवू नका, खड्ड्यात पाणी येऊ द्या.

साइटवर पहिली प्रतिक्रिया नेमकी उलटी होते : आणखी एक पंप आणा. तळाच्या संपमधून पाणी जितकं जोरात ओढाल, तितका आतबाहेरचा फरक टिकून राहतो आणि संपच्या जागी वाढतोसुद्धा. आत पाणी दीड मीटर चढू दिलं तर आपल्या उदाहरणातला साडेचार मीटरचा फरक तीनवर येतो, ग्रेडियंट ०.७५ वरून ०.५ वर. हातातलं काम बुडालेलं बघवत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या वेळी तळ वाचवणारं दुसरं काही इतक्या लवकर करता येत नाही.

उकळीवर घाईने काँक्रीट ओतणं ही दुसरी चूक. पाण्याची वाट बंद झाली की काँक्रीटखाली दाब साठतो आणि ते काँक्रीट फुगतं, तडकतं किंवा उकळी चार हात पलीकडे फुटते. तिथे हवं असतं असं वजन, ज्यातून पाणी जाईल पण रेती जाणार नाही. जिओटेक्स्टाइल अंथरायचं, वर बारीक आणि मग जाड खडी. ६० सेंटिमीटर खडी, पाणी तिच्या तळाशीच राखलं तर, चौरस मीटरला सुमारे एक टन भरते. तीन टनांचे चार झाले. चार भागिले सव्वादोन, गुणांक १.३ वरून जवळपास १.८.

६. खणण्याआधी पाणी खाली न्यावं.

वरचे सगळे उपाय उशिराचे. वेल पॉइंटने बाहेरच्या रेतीतली पातळी तळाखाली नेली तर पाणी वर वाहायचं कारणच उरत नाही. एका टप्प्यात वेल पॉइंट पाच-सहा मीटरपर्यंतच पातळी उतरवतात. त्याहून खोल जायचं तर दुसरा टप्पा किंवा खोल विहिरी हव्यात. मात्र पंप बंद पडला की रेतीत पाणी काही तासांत परत चढतं, म्हणून जोडलेला, इंधन भरलेला, रोज चालवून पाहिलेला जनरेटर तिथेच उभा हवा. पातळी उतरवल्याने शेजारच्या उथळ पायाच्या जुन्या इमारती खचू शकतात. जिथे ती भीती आहे तिथे पातळी न उतरवता शीट पाइल जास्त खोल न्यावेत, शक्य तिथे न गळणारी भिंत थेट खडकात रुतवावी. किनाऱ्याच्या पट्ट्यात खाली खडक सापडतोच. तो हाताच्या अंतरावर असताना भिंत मध्येच थांबवणं मला कधीच पटलेलं नाही.

गुणांक किती असावा, यावर वाद होतात. ए. एन. खोसला यांनी १९३६ मध्ये बंधाऱ्यांच्या पायासाठी बारीक रेतीत बाहेर पडणाऱ्या पाण्याचा ग्रेडियंट एक षष्ठांश ते एक सप्तमांश इतकाच ठेवायला सांगितलं होतं. बंधारा शतकभर उभा राहायचा असतो, खंदक काही आठवड्यांचा. त्यामुळे तेवढं कडक माप तिथे लागत नाही. पण माणसं खाली उतरणार असतील, तर दीडच्या खाली मी सही करत नाही.

आपल्या सोसायटीशेजारी रेतीत खोदकाम सुरू होणार असेल, तर कंत्राटदाराला तीन गोष्टी लेखी विचारा : भर पावसाळ्यात आतबाहेरच्या पाण्यात किती मीटरचा फरक धरला आहे, तळाखाली भिंत किती जाते, आणि पिझोमीटर कोण, किती वेळाने वाचणार आहे. उत्तरं पहिला शीट पाइल ठोकण्याआधी मागा.