काट्याच्या सर्टिफिकेटमधला ‘एरर’ म्हणजे काटा बिघडला का?

हिंगणघाटजवळ ट्रान्सपोर्ट यार्ड चालवणाऱ्या एका दादांनी त्यांच्या ६० टनी धर्मकाट्याचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट माझ्याकडे आणलं. मराठी भाषांतर मोबाईलवरून काढलेलं. त्यात ‘एक्सेंट्रिसिटी’ला ‘विक्षिप्तपणा’, ‘एरर’ला ‘चूक’ आणि ‘अनसर्टन्टी’ला ‘अनिश्चितता’. दादा म्हणे, “म्हणजे माझा काटा चुकीचा, अन् तपासणाऱ्यालाबी खात्री नाही?”

तसं नाही. एरर म्हणजे फरक: काट्याने दाखवलेलं वजन वजा खरं वजन. दादांच्या कागदावर ८,००० किलोला फरक शून्य होता आणि २०,००० किलोला काटा २०,०२० दाखवत होता, म्हणजे +२०.

आता हिशोब लावा. रिकामी गाडी ८,००० भरली, माल भरून २०,०२०. पावतीवर माल १२,०२० किलो, खरा मात्र १२,००० किलो. पोचवायच्या ठिकाणचा काटा बरोबर असेल तर तिथे २० किलो ‘घट’ निघते आणि ती ट्रान्सपोर्टच्या भाड्यातून कापली जाते. ड्रायव्हर बिचारा उगाच चोर ठरतो! फरक सगळीकडे सारखाच असता तर वजाबाकीत निघून गेला असता. म्हणून एक आकडा पाहू नका, रिकाम्या आणि भरल्या गाडीच्या वजनाच्या दोन्ही ओळी पाहा.

अनसर्टन्टीला मी ‘मोजणीची मर्यादा’ म्हणतो. तिथे ±८ किलो होतं. म्हणजे खरा फरक साधारण १२ ते २८ किलोच्या मधे आहे. शून्य त्यात येत नाही, तेव्हा फरक खराच आहे. फरक +१० आणि मर्यादा ±१२ असती, तर काटा जास्त दाखवतो असं ठाम म्हणता आलं नसतं.

आणि तो विक्षिप्तपणा? ती जागा बदलून केलेली तपासणी. तेच वजन पुढे, मधे, मागे ठेवून बघतात. एकाच टोकाला आकडा वेगळा आला तर त्या टोकाचे लोड सेल बघा. कधी कधी प्लॅटफॉर्म आणि चौथऱ्याच्या फटीत खडी अडकलेली असते, बस्स.

सगळ्यात महाग पडणारी गफलत शेवटच्या शब्दाची. कॅलिब्रेशन म्हणजे अंशशोधन, फक्त फरक मोजून लिहिणं. त्याने काटा दुरुस्त होत नाही आणि कायद्याची अटही पूर्ण होत नाही. त्यासाठी वैधमापन निरीक्षकाकडून दर १२ महिन्यांनी पडताळणी व मुद्रांकन लागतं. काट्याच्या पाटीवर `e = 10 kg` असेल, तर मुद्रांकनाच्या वेळी २०,००० किलोला मुभा ±१० किलोचीच. दादांचा +२० तिथे अडकला असता.

सील स्वतः तोडू नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून काटा जुळवून घ्या, मग पुन्हा मुद्रांकन. जुळवण्याआधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे त्याच्याकडून लिहून घ्या. जुन्या ‘घटी’चं भांडण निघालं तर आधीचाच आकडा कामी येतो.