खर्च दुप्पट, रोकड किती?

प्रश्न : वर्षाचा खर्च ३,६०,००० रुपये, व्याजदर ६ टक्के आणि दर वेळी रोखे विकण्याची दलाली १२ रुपये. खर्च दुप्पट झाला, तर हाताशी ठेवायची रोकडही दुप्पट लागेल ना?
– अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : नाही. बॉमोल (१९५२) आणि टोबिन (१९५६) यांच्या मांडणीत रोकड खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एका वेळी काढायची रक्कम C = √(2bY/i); येथे b दलाली, Y खर्च, i व्याजदर.

2bY म्हणजे ८६,४०,०००. त्याला ०.०६ ने भागून वर्गमूळ काढल्यास C = १२,००० रुपये. ही रक्कम सारखी खर्च होत शून्यावर येते, म्हणून सरासरी रोकड निम्मी, ६,००० रुपये. वर्षात ३० वेळा रोखे विकावे लागतात. दलाली ३६० रुपये, बुडालेले व्याजही ३६०. दोन्ही समान येणे हीच उत्तराची पडताळणी.

खर्च दुप्पट केल्यास सरासरी सुमारे ८,४८५ रुपये होते. दुप्पट व्हायला खर्च चौपट लागतो.

नेहमीची चूक कालावधीची: मासिक खर्चासोबत वार्षिक व्याजदर घातला की उत्तर चुकते. काढायची रक्कम थोडी इकडेतिकडे झाली तर मात्र फारसे बिघडत नाही. दर वेळी १५,००० रुपये काढले, तरी दलाली आणि बुडालेले व्याज मिळून ७२० ऐवजी ७३८ रुपयेच होतात.