घट्ट जमिनीचं पाणी कसं होतं?

प्रश्न : नॉर्वेतल्या एका जुन्या चित्रफितीत चांगली कसलेली जमीन घरांसकट वाहत जाताना दिसते. ना पाऊस, ना भूकंप. मग एवढं पाणी आलं कुठून? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पाणी बाहेरून आलंच नाही, ते मातीतच होतं. तुम्ही पाहिलेली घटना बहुधा रिस्सा गावची, २९ एप्रिल १९७८ ची. एका शेतकऱ्याने गोठा वाढवायला पाया खणला आणि निघालेली सुमारे ७०० घनमीटर माती बोटनेन तळ्याच्या काठावर टाकली. त्या भाराने काठ सुटला. मग मागचा उघडा पडलेला कडा ढासळला, त्यामागचा पुढचा, असं करत दरड तळ्यापासून आत सरकत गेली. पाऊण तासात ३३ हेक्टर जमीन गेली. सात शेतवाड्या आणि पाच घरं गेली. माणूस मात्र एकच दगावला.

ही माती हिमयुगाच्या अखेरीस समुद्रात साचली. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचं पीठच ते. खाऱ्या पाण्यात त्याचे चपटे कण एकमेकांना चिकटून वेडेवाकडे बसले, पत्त्यांच्या बंगल्यासारखे, आणि मधल्या पोकळ्यांत पाणी अडकलं. बर्फाचं ओझं उतरल्यावर जमीन वर आली. पुढे हजारो वर्षं गोडं पाणी झिरपत राहिलं आणि लिटरला तीसेक ग्रॅम असलेलं मीठ एक-दोन ग्रॅमवर आलं. रचना तशीच उभी राहिली, पण कणांना धरून ठेवणारी ओढ गेली. न डिवचलेली ही माती भार पेलते. एकदा ढवळली गेली की कण सुटतात आणि अडकलेल्या पाण्यात तरंगू लागतात. अशा मातीला ‘क्विक क्ले’ म्हणतात. ढवळण्याआधीची ताकद नंतरच्या ताकदीच्या निदान तीसपट असावी, आणि ढवळलेली माती जवळजवळ पातळच असावी, असा नॉर्वेतला निकष आहे.

प्रयोगशाळेत हे बघायला गंमत वाटते. मातीचा घट्ट तुकडा भांड्यात नुसता घोटला, थेंबभर पाणी न घालता, की ओतता येईल असा होतो. त्यात चिमूटभर मीठ घालून पुन्हा घोटा, लगेच आळतो. मीठ हाच मामला आहे, याचा याहून सरळ पुरावा नाही.

शोधही मिठावरूनच घेतात. खारी माती वीज सहज वाहू देते, धुतलेली अडवते. तेव्हा जमिनीत वीज सोडून संशयित पट्टे हेरायचे आणि तिथे भोक पाडून नमुना काढायचा. वरून मात्र काहीच कळत नाही. उतारही सौम्य असतो, म्हणून लोक निर्धास्त घरं बांधतात.

ठाण्या-मुंबईच्या खाडीतला गाळही समुद्रीच. तो मऊ आहे, बांधकामाखाली खचतो, वर्षानुवर्षं दबत राहतो. पण ती जमीन समुद्रातून वर आलेली नाही, गोड्या पाण्याने धुतली गेलेली नाही आणि हिमनदीच्या पिठाची तर नाहीच. तिची दुखणी वेगळी.