मिरजेच्या वॉर्डात वाचायची पुस्तकं

सातारा

चि. बाळ,

मिरजेच्या दवाखान्यात अजून महिनाभर काढायचा आहे, तेव्हा ‘पानिपत’ पाठव, असा तुझा निरोप मिळाला. मी ते पाठवणार नाही. पुस्तक उत्तमच आहे, पण उताणं पडून, एका हाताला सलाईन असताना तेवढा ठोकळा धरून बघ. शिवाय त्यात सरदार किती! नर्सबाई बीपी बघायला येतात, मग गोळी येते, गोळीमागून गुंगी येते. तासाभराने डोळे उघडले की कोण कुठल्या छावणीत होता ते शोधायला दहा पानं मागे जावं लागतं. दोनदा असं झालं की माणूस पुस्तक मिटतो आणि भिंतीकडे बघत बसतो.

म्हणून सध्या ‘माणदेशी माणसं’ पाठवते. व्यंकटेश माडगूळकर तुमच्याच सांगली जिल्ह्यातले, आटपाडीकडच्या माडगूळचे. पुस्तक १९४९चं आहे. एका लेखात एकच माणूस, झेल्या नाहीतर रामा मैलकुली, आणि काही पानांत तो संपतो. मध्येच झोप लागली तरी बिघडत नाही, कारण लक्षात ठेवायचा माणूस एकच. मात्र आकाराने लहान म्हणजे मनाला हलकं असं समजू नकोस. त्यातली गरिबी जिव्हारी लागते. धर्मा रामोशी दिवसाउजेडी वाच, रात्री झोप येत नसताना नको.

तुला खरा मानवेल तो चिं. वि. जोश्यांचा चिमणराव. गोष्टी सुट्या असल्या तरी चिमणराव आणि गुंड्याभाऊ तेच असतात, त्यामुळे दर वेळी नव्या माणसांची ओळख करून घ्यावी लागत नाही. पण तुझ्या पायाबरोबर बरगडीलाही मार लागला आहे. हसताना तिथे कळ येत असेल तर आठवडाभर थांब. विनोदी पुस्तक रोग्याला केव्हाही चालतं असं म्हणणाऱ्यांची बरगडी शाबूत असते.

प्रत मुद्दाम पातळ आणि कागदी कव्हराची बघते आहे. वाचनालयाची पुठ्ठ्याची बाइंडिंग एका हाताने उघडी राहत नाही आणि जुन्या पानांच्या धुळीने शिंका येतात. शिंकेने काय होतं ते तुला सांगायला नको.

एकच ओळ तिसऱ्यांदा वाचतो आहेस असं लक्षात आलं की पुस्तक खाली ठेव. तो गोळीचा अंमल आहे, जोर लावून उपयोग नाही. आणि सकाळी वाचलेलं संध्याकाळी ताईला नीट सांगता यायला लागलं की मला कळव. मग ‘बनगरवाडी’ पाठवीन. ती कादंबरी आहे, पण लहान आणि एकाच मास्तरच्या तोंडून सांगितलेली.

‘पानिपत’ घरी आल्यावर, टेबलाशी बसून वाच.

तुझी,
मावशी