हौदाचा लाल दिवा का विझला

आष्टीत उन्हाळ्यात हौदाकडे सारखं लक्ष ठेवावं लागतं. टँकर कधी येईल याचा नेम नसतो आणि हौद रिकामा असताना मोटर चालू केली तर ती कोरडी फिरून सील जातं. म्हणून पाण्याची पातळी दाखवणारे छोटे दिवे घरीच करण्याचं वेड इथल्या कॉलेजच्या पोरांना लागलंय. माझं मोटर-स्टार्टर दुरुस्तीचं काम, त्यामुळे असले बोर्ड बिघडले की माझ्याकडे येतात. त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो, कारण त्यात गणित वहीत होतं, मांडणी नीटनेटकी होती, आणि तरीही पिन जळाली.

पोराने आधी अर्डुइनो उनोवर चार एलईडी लावले होते: लाल, पिवळा, हिरवा, निळा. लाल लागला की हौद तळाला, निळा लागला की काठोकाठ. वहीत नववीचा ओहमचा नियम लिहिला होता: R = V/I, म्हणजे ५ भागिले ०.०२, उत्तर २५० ओहम. दुकानदाराने २२० दिले आणि सगळे दिवे छान लागले.

इथेच पहिली चूक लपली. नियमातला V हा रेझिस्टरच्या दोन टोकांमधला व्होल्टेज असतो, पिनचा नव्हे. लाल एलईडी स्वतःसाठी साधारण २ व्होल्ट ठेवून घेतो, निळा ३ च्या आसपास. उरेल तेवढंच रेझिस्टरच्या वाट्याला येतं. लालसाठी खरं गणित (५ − २) ÷ ०.०२, म्हणजे १५० ओहम. पोराचं उत्तर चुकलं ते जास्तीच्या बाजूला, म्हणून प्रवाह २० ऐवजी १३ मिलिअँपिअरच्या आसपास राहिला आणि कुणाचंच बिघडलं नाही. चुकीची पद्धत वहीत मात्र तशीच राहिली.

पुढे त्याला पातळी मोबाईलवर दिसायला हवी होती, म्हणून ईएसपी३२ बोर्ड आणला. याची पिन ५ नव्हे, ३.३ व्होल्टची. त्याने तीच पद्धत पुन्हा लावली: ३.३ ÷ ०.०२ म्हणजे १६५, जवळचा मिळतो तो १५०. लाल ठीक लागला, निळा मात्र काजव्यासारखा मिणमिणला. साहजिकच होतं. ३.३ मधून ३ गेले की उरतात ०.३ व्होल्ट. ०.३ ÷ १५० म्हणजे २ मिलिअँपिअर, आणि पिन थोडी खचली तर तेवढाही नाही.

त्याने निष्कर्ष काढला की रेझिस्टर फार मोठा आहे. काढूनच टाकला. निळा उजळला. निळ्याला चाललं म्हणून बाकीच्या तिघांचेही काढले. निळा वाचला त्याचं कारण एवढंच की पिनचा आणि त्याचा व्होल्टेज जवळजवळ सारखा होता. लालच्या बाबतीत मात्र १.३ व्होल्ट शिल्लक राहत होते आणि ते अडवायला चिपच्या आतला थोडासा अवरोध सोडून काहीच नव्हतं. त्यात मे महिना, हौद तळाला, म्हणजे लाल दिवा दिवसभर चालू. काही दिवसांनी तो विझला. घरच्यांना वाटलं पाणी आलं, मोटर लावली, ती कोरडी फिरली. माझ्याकडे आधी मोटर आली आणि मागोमाग बोर्ड.

पिन गेली की नाही हे ओळखायला एलईडी सोडवून घ्यायचा, पिन कायम हाय ठेवायची आणि पिन व जीएनडी यांच्यात मीटर लावायचा:

```
pinMode(25, OUTPUT);
digitalWrite(25, HIGH);
```

३.३ च्या जवळपास दिसायला हवं. मग तिथेच `LOW` लिहून पुन्हा मोजायचं, तेव्हा शून्याजवळ यायला हवं. लालच्या पिनवर दोन्ही वेळा मधलाच एक आकडा दिसत होता. बाकी पिना धडधाकट होत्या, म्हणून बोर्ड फेकला नाही, लालची वायर दुसरीकडे हलवली. मोजताना ब्लिंकचा प्रोग्राम ठेवू नका, आकडे नाचतात आणि खरं काय ते कळत नाही.

आता गणित पडताळायचं कसं. मी पोराला लाल दिव्यावरच करून दाखवलं. आधी एलईडीचा व्होल्टेज अंदाजाने न घेता मीटरच्या डायोड सेटिंगवर मोजला, १.९ च्या आसपास आला. (काही स्वस्त मीटर निळा एलईडी दाखवतच नाहीत, कारण त्यांची चाचणी ३ व्होल्टपर्यंत पोचत नाही. त्यावरून दिवा खराब ठरवू नये.) मग प्रवाह ठरवला. वहीतला २० हा आकडा पुस्तकातून आलेला असतो. आजचे एलईडी ५ मिलिअँपिअरवर दिवसा खोलीत स्वच्छ दिसतात, आणि हौदाच्या दिव्याला त्याहून जास्त लागत नाही.

(३.३ − १.९) म्हणजे १.४ व्होल्ट. याला ५ ने भागलं तर ०.२८. इथे पोरं गोंधळतात आणि पाव ओहमचा रेझिस्टर शोधायला निघतात. व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की उत्तर किलोओहममध्ये येतं, म्हणून ०.२८ म्हणजे २८० ओहम. दुकानात हा मिळत नाही, खाली २७० आहे, वर ३३०. अशा वेळी मी वरचाच घेतो. १.४ ÷ ३३० म्हणजे ४.२ मिलिअँपिअर, उजेडात फरक डोळ्याला कळत नाही.

मग खरी पडताळणी. प्रवाह मोजायला वायर तोडून मीटर मध्ये घालायची गरज नाही. दिवा चालू असताना रेझिस्टरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजायचा आणि ३३० ने भागायचं. १.३ दिसलं तर प्रवाह ४ मिलिअँपिअरच्या आसपास, काम झालं. कागदापेक्षा थोडा कमी येणारच, कारण भार पडला की पिनचा व्होल्टेज जरा उतरतो. पण २ व्होल्टच्या पुढे आकडा आला तर बहुधा एलईडी शॉर्ट आहे. जवळजवळ शून्य आला तर एलईडी उलटा आहे किंवा कुठेतरी सांधा सुटलाय. शून्य नाही पण बराच कमी आला तर रेझिस्टर तुम्हाला वाटतो तेवढा नाही. हे शेवटचं सारखं घडतं. नारंगी-नारंगी-तपकिरी ३३० ओहम, आणि तिसरा पट्टा काळा असला तर ३३. ट्यूबच्या उजेडात तपकिरी आणि काळा सारखेच दिसतात. त्यामुळे लावण्याआधी रेझिस्टर हातात असतानाच मीटरवर घ्यायचा. सर्किटमध्ये लागलेला मोजला तर बाजूच्या वाटाही त्यात मोजल्या जातात.

निळ्याचं काय केलं? ३.३ व्होल्टवर त्याला नीट रेझिस्टर ठरवताच येत नाही, उरणारे ०.३ व्होल्ट इतके तुटपुंजे की एलईडी जरा वेगळ्या बॅचचा आला तरी उजेड कमी-जास्त होतो. पोराला म्हटलं, निळा बदलून दुसरा लाल लाव, बाजूला "भरला" असं लिही. तो म्हणाला, "काका, निळाच पाहिजे, पाणी निळं असतं." मग बीसी५४७ ट्रान्झिस्टर घातला. निळा बोर्डाच्या ५ व्होल्टवरून, त्याच्यासोबत ३३० ओहम, आणि पिनपासून बेसला ४.७ किलोओहम. (५ − ३ − ०.२) ÷ ३३०, म्हणजे साडेपाच मिलिअँपिअरच्या आत. पिनला अर्ध्या मिलिअँपिअरचंच ओझं. मीटर लावला तर रेझिस्टरवर १.७ व्होल्ट आले. भागाकार त्याच्याकडूनच करून घेतला.