शिंकेआधी आवळून धर: बाळंतिणीसाठी कानमंत्र

पोरी, बाळंतपणानंतर शिंक आली की थेंबभर लघवी निसटते, खळखळून हसलं की कपडे ओले होतात. हे कुणी कुणाला सांगत नाही, आणि सांगितलंच तर "मुलं झाली की असं व्हायचंच" एवढ्यावर विषय संपतो. सुरुवातीच्या आठवड्यांत हा त्रास बऱ्याच जणींना होतो, हे खरं. पण तो जन्मभर पदरात बांधून घ्यायचा नसतो. नीट व्यायाम केला तर बहुतेकींचा बराच कमी होतो.

आधी जागा ओळख

पुढे ओटीपोटाखालच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत आत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि शौचाची जागा तिच्यावर पेललेली असते. नऊ महिने तिने बाळाचं वजन सोसलेलं असतं, आणि बाळ खालून झालं असेल तर ती खूप ताणली गेलेली असते. सिझर झालेलीही यातून सुटत नाही, नऊ महिन्यांचं ओझं तिच्या झोळीनेही पेललेलंच असतं. म्हणून हा व्यायाम दोघींनाही लागू आहे.

कुशीवर किंवा गुडघे दुमडून पाठीवर निवांत पड. चारचौघांत वायू सरायला आला तर मागची जागा जशी आवळून धरशील, तशी धर. मग लघवीची जागाही आवळ आणि दोन्ही आत, वर ओढून घे. बाहेरून कुणाला काही कळता कामा नये. पोट दगडासारखं झालं, कुल्ले आवळले किंवा श्वास कोंडला, तर चुकीचे स्नायू काम करताहेत असं समज. जागा सापडत नसेल तर हातात छोटा आरसा धरून बघ. आवळताना ती जागा आत आणि वर गेली पाहिजे. ती बाहेर फुगत असेल तर तू आवळत नाहीस, खाली जोर देते आहेस.

रोजचा पाठ

लघवीची नळी काढली, लघवी मोकळी होऊ लागली की हलक्या हाताने सुरुवात कर. टाके असले तरी चालतं, फक्त दुखेल इतकं आवळू नकोस. शौचाच्या जागेपर्यंत फाटून टाके पडले असतील, तर कधी सुरू करायचं ते आधी डॉक्टरांना विचार.

श्वास सोडत आवळ, मनात तीन मोज, मग पूर्ण सैल सोड आणि तेवढाच वेळ थांब. सैल सोडणं हा निम्मा व्यायाम आहे, तो गाळायचा नाही. सुरुवातीला पाच वेळा जमलं तरी पुरे. हळूहळू दहा सेकंद धरून दहा वेळा, आणि त्यानंतर झटपट आवळणं-सोडणं दहा वेळा, इथपर्यंत पोहोच. हे दिवसातून तीनदा करायचं. वेगळा वेळ काढायची गरज नाही, बाळाला पाजायला बसलीस की करून टाक. निदान तीन महिने सोडू नकोस. लघवीची धार मध्येच अडवून मात्र हा सराव करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

आणि खरा कानमंत्र हा: शिंक, खोकला येतोय असं वाटलं, किंवा बाळाला उचलायला वाकलीस, की त्याच्या क्षणभर आधी आवळून धर. काम झालं की सोड.

एकीचं काय चुकलं

आमच्या नात्यातल्या एका लेकीचं बाळ खालून झालं, टाके पडले. दोन महिने होत आले तरी शिंकताना लघवी निसटायची. ती म्हणे, "आत्या, मी तर रोज व्यायाम करते." करून दाखव म्हटलं, तर श्वास कोंडून पोट खाली ढकलत होती. आरशात बघितल्यावर तिचं तिलाच कळलं. शिवाय तिला मलावरोध होता, रोज संडासात कुंथत होती, आणि पोट आत जावं म्हणून पट्टा कचकचून बांधत होती. तिन्ही गोष्टींचा दाब त्याच झोळीवर खाली पडत होता. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. व्यायामाची दिशा सुधारली, पट्टा सैल झाला, पोट साफ होऊ लागलं, आणि पुढच्या तीन महिन्यांत तिचा त्रास क्वचित जोराच्या शिंकेपुरताच उरला.

म्हणून पोटाला बांधायचंच असेल तर श्वास पूर्ण घेता येईल आणि खाली जड वाटणार नाही इतपत सैल बांध. कमोड असेल तर पायांखाली छोटा स्टूल घे, पुढे झुक आणि कुंथू नकोस. टाके ताणतील अशी भीती वाटत असेल तर स्वच्छ पॅड टाक्यांवर हलकेच दाबून धर. बाळंतिणीच्या आहारात तूप-लाडू असू दे, पण सोबत पालेभाजी, फळं आणि भरपूर पाणीही हवं. पाणी कमी प्यायल्याने लघवी निसटायची थांबत नाही, उलट मलावरोध वाढतो. पहिले सहा आठवडे बाळाहून जड काही उचलू नकोस. पाण्याची कळशी, ओल्या कपड्यांची बादली दुसऱ्या कुणीतरी उचलावी. धावणं, उड्या मारणं तीन महिन्यांनंतरच, तेही खाली जड वाटत नसेल तर.

डॉक्टरकडे कधी जायचं

सहा आठवड्यांनंतरही लघवी निसटत असेल, संबंधांच्या वेळी दुखत असेल, किंवा खाली जड वाटून काहीतरी उतरल्यासारखं होत असेल तर दाखव. असं खाली उतरण्यालाच आपल्याकडे अंग बाहेर येणं म्हणतात. संध्याकाळी ते जास्त जाणवतं आणि आडवं पडलं की बरं वाटतं. यावर उपचार आहेत.

वायू किंवा शौच आवरत नसेल तर सहा आठवडे थांबू नकोस. मागचे स्नायू फाटलेले असू शकतात. न शिंकता, न खोकता लघवी सतत ठिबकत असेल, विशेषतः कळा फार लांबल्या असतील, तरीही लगेच तपासून घे.

आणि हे दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठ: बाळंतपणानंतर किंवा नळी काढल्यावर सहा तासांत लघवी न होणं, 100.4 अंश फॅरेनहाइट किंवा जास्त ताप, घाण वास येणारा स्राव, टाके उसवणं किंवा त्यांतून पू येणं, मांड्यांमधली जागा बधिर होणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी जात असतील, छातीत दुखून धाप लागत असेल, किंवा डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर वाट न बघता 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलाव.

आशाताई बाळाला बघायला घरी येते, बेचाळिसाव्या दिवशीही येते. तेव्हा बाळाचं वजन विचारून थांबू नकोस, "मला लघवी आवरत नाही" हेही तिला स्पष्ट सांग. आणि हा कागद वाचून झाला की आईला, सासूबाईंनाही वाचून दाखव. त्यांना हाच त्रास वर्षानुवर्षं असेल, तर दाखवायची वेळ त्यांचीही गेलेली नाही.