आकडा कुणी सांगितला?

मार्चअखेर होती. हिशेब पुरे करायला मी रात्री घरूनही लॉगिन करायचे आणि त्यात फार छळ व्हायचा. मोबाइलवर लॉगिनच्या मंजुरीची सूचना उशिरा यायची, ती उघडेपर्यंत मुदत संपलेली असायची. बॅटरी वाचवायच्या सेटिंगने मंजुरीचं ॲप झोपवून ठेवलं होतं, हे मला फार नंतर कळलं. तोवर हाताला एकच सवय लागली: सूचना दिसली की आधी ‘अप्रूव्ह’ दाबायचं.

त्याच सवयीने घात केला. एके रात्री दीडला फोन वाजू लागला. एकामागून एक सूचना. मला वाटलं, संध्याकाळी अडकलेल्या मंजुऱ्या आत्ता येताहेत. सातव्या की आठव्या सूचनेला झोपेतच ‘अप्रूव्ह’ दाबलं आणि फोन गप्प झाला. सकाळी कळलं, माझ्या मेलवरून तीन ग्राहकांना ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असं कळवलं गेलं होतं. त्यातल्या एकाने खात्री करायला फोन केला, म्हणून पैसे वाचले.

आमच्याकडे ही सूचना बरोबर पासवर्ड टाकल्यावरच येते. म्हणजे पहिली सूचना आली तेव्हाच माझा पासवर्ड चोराकडे होता. त्याला फक्त माझं एक बोट हवं होतं, आणि दमलेल्या माणसाचं बोट मिळवायला रात्रीसारखी वेळ नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या यंत्रणेत शिरणाऱ्यानेही हेच केलं. एका कंत्राटी कर्मचाऱ्याकडे पुन्हा पुन्हा सूचना गेल्या आणि शेवटी त्याने एक मान्य केली.

त्यानंतर आमच्याकडे आकडा जुळवायची पद्धत आली. लॉगिनच्या पडद्यावर दोन अंकी आकडा दिसतो, तो मोबाइलमध्ये टाकायचा. चोराने लॉगिन केलं तर आकडा त्याच्या पडद्यावर असतो. माझ्याकडे टाकायला काहीच नसतं, त्यामुळे झोपेतली चूक टळते.

म्हणून चोर आता फोन करतो. मलाही आला. “मॅडम, आयटीमधून बोलतोय. तुमचं खातं लॉक होतंय, सूचनेत ४७ टाका.” आवाज अगदी अदबशीर होता. मी फोन ठेवला, सूचना नाकारली, पासवर्ड बदलला आणि आयटीला त्यांच्या नेहमीच्या नंबरवर कळवलं.

खोट्या लॉगिन पानावर मात्र आकडा जुळवायची पद्धतही फसते. ते पान खरा आकडा आणून तुमच्यासमोर ठेवतं. त्यामुळे मेलमधल्या लिंकवरून लॉगिन करू नका, पत्ता स्वतः टाइप करा.

तुमची मंजुरी सारखी अडकत असेल, तर ॲपला बॅटरीच्या बंधनातून सोडवा. घाईची सवय तिथेच लागते. आणि आकडा टाकण्याआधी स्वतःला विचारा: हा मी उघडलेल्या पडद्यावर वाचला, की कुणी सांगितला? सांगितला असेल, तर सांगणारा चोर आहे.